घरमालकाकडे एसी आणि भिंतीवरच्या फळ्यांची परवानगी कशी मागावी: इंदूरच्या एका खोलीचा पूर्ण हिशेब

इंदूरला वरच्या मजल्यावरची खोली म्हणजे डोक्यावर थेट गच्ची. मे महिन्यात दिवसभर तापलेला स्लॅब रात्री बारापर्यंत खाली उष्णता सोडत राहतो आणि माळव्याच्या थंड रात्रींचं कौतुक खिडकीबाहेरच राहतं. म्हणून भाडेकरू एसी घ्यायचं ठरवतो, त्याच झटक्यात पुस्तकांसाठी दोन फळ्याही मारून घेऊ म्हणतो, आणि खाली जाऊन सांगतो: "काका, एसी लावायचाय, दोन-चार भोकं पाडावी लागतील. जाताना सगळं नीट करून देऊ."

काका "बघू" म्हणतात आणि गाडी तिथेच अडते. त्यात काकांचा हट्ट नसतो. भोकं नक्की किती, पाणी कुठे पडणार, बिलाचं काय आणि "नीट करून देऊ" म्हणजे काय, यातलं काहीच त्यांना सांगितलेलं नसतं. घर त्यांनी बांधलेलं आहे, भिंत त्यांची आहे. या चार गोष्टी मोजून कागदावर दिल्या तर बहुतेक घरमालक हो म्हणतात. काही जण एखादी अट घालतात, तीही सहसा रास्तच असते.

पुढे सगळीकडे एकच उदाहरण धरलं आहे. सुदामा नगरसारख्या वस्तीतलं दुमजली घर, खाली घरमालक काका-काकू, वर भाडेकरू. वरची खोली १० बाय १२ फुटांची, तिच्यावर गच्ची, विटांची ९ इंची भिंत, उंची १० फूट. लावायचा आहे दीड टनाचा स्प्लिट एसी आणि प्रत्येकी ३ फूट लांबीच्या दोन फळ्या.

लेखी परवानगी का लागते

मध्य प्रदेशात १९६१ चा स्थान नियंत्रण कायदा आहे. त्याच्या कलम १२ मध्ये घर रिकामं करून मागण्याची जी कारणं दिली आहेत, त्यांतलं एक असं: मालकाच्या लेखी परवानगीशिवाय भाडेकरूने असं बांधकाम केलं की ज्याने जागेत मोठा बदल झाला आणि मालकाच्या हिताला बाधा आली किंवा जागेची किंमत बरीच घटण्याची शक्यता निर्माण झाली. एसीचं एक भोक म्हणजे बांधकाम असं कोणी सहसा म्हणणार नाही. पण कायद्यातला शब्द "लेखी" आहे, तेव्हा तोंडी होकारावर भिंतीला ड्रिल लावू नये. शिवाय अकरा महिन्यांच्या बहुतेक किरायानाम्यांत "मालकाच्या परवानगीशिवाय तोडफोड करणार नाही" अशी ओळ असतेच. ती आधी वाचा.

दुसरी गोष्ट भाडेकरूच्या बाजूची आहे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ भाडेकरूला स्वतः बसवलेल्या वस्तू काढून नेऊ देतं. अट अशी की जागा जशी मिळाली तशी परत करायची आणि वस्तू जागेचा ताबा आपल्याकडे असतानाच काढायच्या, नंतर नाही. म्हणजे किल्ली परत दिल्यावर "एसी नंतर येऊन नेतो" हे चालत नाही. पुढे परतीचं वेळापत्रक दिलं आहे, ते याच अटीवर बेतलेलं आहे.

कलमं आपल्या माहितीसाठी आहेत, पत्रात लिहू नका. काकांच्या हातात कलमांचा कागद गेला की त्यांना ती नोटीस वाटते.

पत्राआधी भिंत बघा

सगळ्यात आधी फोटो काढा, तेही भेगांचे. इंदूरची जमीन काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आटून तडकते आणि तिच्यावरची घरं थोडी थोडी हलत राहतात. जुन्या घरांत एप्रिल-मे महिन्यात दाराच्या वरच्या कोपऱ्यातून किंवा खिडकीखाली तिरक्या भेगा उघडतात. नेमक्या त्याच दिवसांत एसी बसतो. मग भेग मातीने पाडलेली असली तरी बोट ड्रिलकडे जातं. म्हणून ड्रिल येण्याआधी चारही भिंतींचे फोटो काढा. प्रत्येक भेगेशेजारी पट्टी किंवा नाणं धरून जवळून फोटो घ्या आणि ते त्याच दिवशी काकांना पाठवून द्या. तारीख आपोआप नोंदली जाते.

मग जागा ठरवा. एसीचा आतला भाग बाहेरच्या भिंतीवर बसेल असं बघा, म्हणजे आरपार एकच भोक लागतं. खांब आणि तुळई सोडून द्या. काँक्रीटमध्ये सळई असते, तिला धक्का लावायचा नाही, आणि काकांनी नुसतं त्या एका कारणाने नाही म्हटलं तर त्यांचं बरोबरच आहे. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक नको, कारण भिंतीतली वायर बोर्डातून उभी जाते. बाथरूमला लागून असलेली भिंतही नको, तिच्यात पाण्याची पाइपलाइन असते.

बाहेरचं युनिट कुठे ठेवायचं हा या घरातला खरा प्रश्न आहे. मेकॅनिक बाहेरच्या भिंतीवर लोखंडी ब्रॅकेट ठोकायला सांगेल, कारण त्याला ते सोयीचं असतं. पण तीसेक किलोचं वजन पेलायला भिंतीत चार-सहा जाड अँकर बोल्ट जातात. ते गंजले की रंगावर तांबूस ओघळ उतरतात आणि काढताना गिलावा सोबत घेऊन येतात. गच्ची वरच असेल तर युनिट गच्चीवर ठेवावं: जमिनीवरच्या स्टँडवर, खाली रबराचे पॅड घालून, गच्चीला एकही भोक न पाडता. गच्चीच्या फरशीत बोल्ट मारला तर वॉटरप्रूफिंग फुटतं आणि पावसाळ्यात खालचं छत गळतं. स्टँड आपल्याच खोलीच्या वर ठेवा, काकांच्या झोपायच्या खोलीवर नको. मागे अर्धा फूट आणि पुढे किमान दोन फूट मोकळे हवेत, नाहीतर गरम हवा परत तिथेच फिरते आणि एसी दुपारी दमतो.

आता तांब्याची नळी मोजा. आतलं युनिट साडेसात फुटांवर असेल. तिथून भिंतीबाहेर, मग वर स्लॅबपर्यंत, तीन फुटी कठड्यावरून पलीकडे आणि खाली युनिटपर्यंत असे साधारण १२ ते १३ फूट भरतात, म्हणजे चार मीटरच्या आसपास. एसीसोबत बहुधा तीन मीटर नळी येते. उरलेल्या मीटरचे पैसे आधीच विचारून ठेवा. नाहीतर बसवायच्या दिवशी नळी पुरत नाही आणि मेकॅनिक "मग भिंतीवरच मारू" म्हणतो. पत्रात लिहिलेली जागा ऐनवेळी बदलली की विश्वास गेला.

भोकांचा हिशेब

"दोन-चार भोकं" हा शब्दप्रयोग सोडा. या खोलीत प्रत्यक्षात काय लागतं ते बघू.

मोठं भोक एकच, ६५ मिलिमीटरचं, म्हणजे अडीच इंची. त्यातून दोन तांब्याच्या नळ्या, वायर आणि पाण्याची नळी जाते. लहान भोकांची मोजणी अशी: आतल्या युनिटच्या पत्र्याच्या पाटीला सहा, स्टॅबिलायझरला दोन, एसीच्या स्विच-सॉकेटच्या पेटीला दोन. मीटरपासून आणलेल्या वायरीवरच्या केसिंग पट्टीला साधारण बारा. ही पट्टीची भोकं सगळे विसरतात आणि घर सोडताना भांडण त्यांच्यावरूनच होतं. बाहेरच्या भिंतीवर नळ्या धरायला चार क्लिपा, प्रत्येकी दोन, म्हणजे आठ. फळ्या दोन, प्रत्येकीला दोन ब्रॅकेट, प्रत्येक ब्रॅकेटला दोन स्क्रू, म्हणजे आणखी आठ. एकूण एक मोठं आणि अडतीस लहान, त्यांतली आठ बाहेरच्या बाजूला.

अडतीस ऐकून काका दचकतील म्हणून आकडा लपवू नका. लहान भोकं सहा ते आठ मिलिमीटरची आहेत, पेन्सिलीएवढी. आणि मोठ्या भोकाचं आकारमान काढलं तर ९ इंची भिंतीत ते जेमतेम पाऊण लिटर भरतं. दुधाच्या दीड पिशवीएवढा मसाला आणि भोक बुजलं. हे असं सांगितलं की ते डोळ्यांसमोर उभं राहतं.

मोठं भोक छिन्नी-हातोड्याने पाडू देऊ नका. छिन्नीने आतून अडीच इंचांचं पाडलेलं भोक बाहेर पाच-सहा इंचांचं खिंडार होतं, कारण शेवटचा घाव गिलाव्याचा पोपडाच उडवतो. कोअर कटर सांगा. आधी लांब पात्याने बारीक आरपार भोक घ्यायचं आणि मग कटर निम्म्यापर्यंत आतून, निम्मा बाहेरून चालवायचा. मग दोन्ही बाजूंचा गिलावा शाबूत राहतो. भोकाला बाहेरच्या बाजूला सेंटिमीटरभर उतार हवा. आपल्या उदाहरणात नळ्या गच्चीवरून खाली येतात, म्हणून पावसाचं पाणी नळीवरून ओघळत थेट भोकाशी पोचतं. त्याला अडवायला नळी भोकाच्या जरा खाली नेऊन मग वळवून आत घ्यावी. पाणी त्या वळणाच्या तळाशी टपकून जातं.

वायर भिंत खणून नेऊ नका. केसिंग पट्टीत, छताच्या कडेने न्या. दिसायला थोडी कमी, पण परत करताना भिंत पुन्हा गिलावा मागत नाही. दीड टनासाठी मीटरपासून स्वतंत्र लाइन, ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी आणि खरं अर्थिंग. पंख्या-दिव्यांच्या लाइनवर एसी जोडला तर जुनी वायर तापते, बोर्डाचा वास येतो आणि उन्हाळ्याच्या रात्री फेज उडतो.

फळ्या

फळ्यांकडे लोक एसीपेक्षा हलक्याने बघतात, आणि बिनसतं इथेच. तीन फूट पुस्तकं साधारण वीस किलो भरतात. फळी भिंतीतून पुढे आलेली असते, त्यामुळे तो भार नुसता खाली दाबत नाही, तर ब्रॅकेटच्या वरच्या स्क्रूला भिंतीतून बाहेर ओढतो. फळी जितकी रुंद, तितकी ही ओढ जास्त. म्हणून नऊ इंचांहून रुंद फळी नको आणि ब्रॅकेटची उभी बाजू आडव्या बाजूपेक्षा लांब असलेली घ्या.

गिट्टी, म्हणजे स्क्रूभोवतीचा प्लास्टिकचा प्लग, ८ मिलिमीटरची. आतला गिलावा सुमारे १२ ते १५ मिलिमीटर जाड असतो आणि त्याला पकड नसते. गिट्टी पूर्णपणे विटेत जायला हवी, म्हणून भोक किमान ६० मिलिमीटर खोल घ्या. ड्रिल करताना बाहेर पडणारी भुकटी बघा. आधी गिलाव्याची राखाडी येईल आणि मग विटेची लाल, म्हणजे बरोबर. लाल येतच नाही, राखाडीच येत राहते आणि पातं भसकन आत जातं, म्हणजे दोन विटांमधल्या सांध्यात शिरलात. दीड-दोन इंच सरका. राखाडी येते पण पातं अडतं, तर पुढे काँक्रीट आहे. तिथे थांबा. पांढरी भुसभुशीत आली तर जुना चुन्याचा गिलावा आहे. तो मोठ्या पोपड्यांनी सुटतो, म्हणून हातोड्याचा मोड बंद करून हळू फिरवा. बोटाने ठोकून पोकळ आवाज येतो तिथे फळी नकोच.

पाणी आणि बिल

घरमालकाच्या मनातल्या सगळ्यात मोठ्या दोन चिंता याच, आणि दोन्ही बरोबर आहेत.

इंदूरचा मे कोरडा असतो. एसी बसवल्यावर नळीतून जेमतेम थेंब पडतात आणि सगळे म्हणतात झकास. जुलैत हवा ओली झाली की तोच एसी तासाला लिटरभरसुद्धा पाणी काढतो. नळीला कुठे पोट पडलं असेल किंवा उतार उलटा असेल तर तेव्हा पाणी मागे येतं, युनिटखालून भिंतीवर उतरतं आणि महिन्याभरात रंगाला फुगे येतात. दोन महिन्यांपूर्वीच्या मेकॅनिकला तेव्हा कोण शोधणार? म्हणून बसवायच्या दिवशीच आतल्या युनिटच्या ताटलीत लिटरभर पाणी हळूहळू ओता आणि बाहेर ते सगळं, न थांबता पडतंय का ते बघा. काका समोर असतील तर फार चांगलं. नळीचं दुसरं टोक पावसाच्या पाइपाला प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधून खाली नाल्यापर्यंत न्या. वेगळी भोकं लागत नाहीत आणि पाणी काकूंच्या तुळशीवर किंवा शेजाऱ्याच्या भिंतीवर पडत नाही.

आता वीज. इंदूरला पुरवठा पश्चिम क्षेत्र वीज वितरण कंपनीचा. वर-खाली मिळून एकच कनेक्शन आणि भाडेकरूला सबमीटर, अशी पुष्कळ घरं आहेत. तुमचं तसं असेल तर एक गोष्ट नीट समजून घ्या. अटल गृह ज्योती योजनेत महिन्याचा वापर १५० युनिटांच्या आत राहिला तर पहिले १०० युनिट १०० रुपयांत पडतात. वर गेला की त्या महिन्याची सवलत गेली. रात्री आठ तास चालणारा दीड टनाचा इन्व्हर्टर एसी दिवसाला साधारण सहा ते आठ युनिट घेतो, म्हणजे महिन्याला दोनशेच्या आसपास. तुमच्या एसीमुळे काकांची सवलत बुडते आणि सबमीटरचा हिशेब ते दाखवत नाही. "युनिटचे पैसे देतोच की" हे उत्तर इथे अपुरं आहे. सवलतीतला फरकही आपण भरू असं स्वतःहून लिहा. त्या एका वाक्याने बराच गाळ बसतो.

बिलावर "स्वीकृत भार" असा रकाना असतो, तो बघा. तिथे एक किंवा दोन किलोवॅट असेल, तर एसी एकटाच दीड किलोवॅटच्या वर घेतो. भार वाढवायचा अर्ज कनेक्शन ज्याच्या नावावर आहे त्यालाच करावा लागतो. तेव्हा अर्ज काकांच्या सहीचा, पण धावपळ, शुल्क आणि वाढलेला स्थिर आकार तुमचा, असं ठरवा. कनेक्शन तुमच्या मजल्याचं वेगळं असेल तर हा सगळा परिच्छेद सोडून द्या.

आधी बोला, मग कागद द्या

संध्याकाळी खाली जा, चहा घ्या, मोबाइलवर भिंतीचे फोटो दाखवा आणि कुठे काय बसेल ते बोटाने दाखवा. कागद तेव्हाच काढू नका. "तुम्हाला सगळं लिहून देतो, म्हणजे दोघांनाही लक्षात राहील," एवढं म्हणा. एक-दोन दिवसांनी पत्राच्या दोन प्रती आणि एक हाताने काढलेला नकाशा द्या. नकाशात भिंतीची लांबी, छतापासून आणि कोपऱ्यापासूनची अंतरं आणि प्रत्येक भोकाची खूण असावी. वेळ मार्चमधली किंवा एप्रिलच्या सुरुवातीची बरी. मे उजाडल्यावर मेकॅनिक घाईत असतो आणि तुम्हीही.

पत्राचा नमुना असा:

> दिनांक: ______
>
> आदरणीय काका,
>
> सप्रेम नमस्कार.
>
> परवा बोलल्याप्रमाणे वरच्या पूर्वेकडच्या खोलीत दीड टनाचा स्प्लिट एसी आणि पुस्तकांसाठी तीन फुटांच्या दोन फळ्या बसवण्याची आपली परवानगी हवी आहे. काय काय होणार ते खाली लिहितो. सोबत नकाशा आणि भिंतींचे आजचे फोटो आहेत.
>
> एसीसाठी पूर्वेच्या भिंतीत अडीच इंचांचं एक आरपार भोक कोअर कटरने पाडलं जाईल. याशिवाय आतून तीस आणि बाहेरून आठ लहान भोकं लागतील. त्यांच्या खुणा नकाशात आहेत. खांब, तुळई आणि गच्चीला हात लावणार नाही. बाहेरचं युनिट गच्चीवर, आमच्या खोलीच्या वर, रबराच्या पॅडवर ठेवू. पाण्याची नळी पावसाच्या पाइपाला बांधून खालच्या नाल्यापर्यंत नेऊ, आणि बसवतानाच आपल्यासमोर पाणी ओतून तपासू.
>
> एसीला मीटरपासून वेगळी वायर आणि एमसीबी लावू. काम परवानाधारक वायरमनकडून होईल. भार वाढवावा लागला तर त्याचा सगळा खर्च आमचा. एसीमुळे आपली विजेची सवलत एखाद्या महिन्यात गेली, तर तो फरक आम्ही त्याच महिन्याच्या भाड्यासोबत देऊ.
>
> घर सोडताना किल्ली देण्याच्या किमान तीन दिवस आधी पुढचं सगळं पूर्ण करू: एसी, फळ्या, गिट्ट्या, पट्ट्या आणि क्लिपा काढणं; मोठं भोक दोन्ही बाजूंनी सिमेंट-वाळूने भरणं; लहान भोकं पुट्टीने बुजवणं; एसीची आणि फळ्यांची अशा दोन भिंती कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत आणि पॅसेजमधला पट्टीचा भाग आत्ताच्याच रंगात रंगवणं; बाहेरचा बुजवलेला भाग बाहेरच्या रंगाने रंगवणं. रंगाऱ्याने या कामाचा अंदाज ______ रुपये दिला आहे. तो कागद सोबत आहे. हे काम आमच्याकडून राहिलं, तर आपण तेवढी रक्कम डिपॉझिटमधून वळती करावी.
>
> एसीची वायर आपल्याला पुढे उपयोगी पडेल असं वाटलं, तर ती आम्ही तशीच ठेवून जाऊ, तिचे पैसे घेणार नाही. एसी आणि फळ्या आमच्या मालकीच्या राहतील.
>
> आपल्या काही अटी असतील तर खाली लिहाव्यात. मान्य असल्यास एका प्रतीवर सही करून द्यावी, ही विनंती.
>
> आपला,
> ____________
>
> परवानगी आहे. अटी: ____________
> सही आणि तारीख: ____________

वायरीबद्दलचं वाक्य गाळू नका. बऱ्याच घरमालकांना पुढच्या भाडेकरूसाठी ती लाइन हवीच असते, आणि तुमचाही ती उपटण्याचा त्रास वाचतो. "दोन भिंती कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत" हेही मुद्दाम आहे. त्याच शेडचा नवा रंग जुन्या भिंतीवर ठिगळासारखा दिसतो, कारण जुना रंग ऊन आणि धुराने उतरलेला असतो. शेडचा क्रमांक आत्ताच विचारून पत्रावर लिहून ठेवा. तीन वर्षांनी डबा सापडत नाही.

फ्लॅट असेल तर घरमालकाच्या होकारानंतर सोसायटीलाही विचारावं लागतं, कारण बाहेरची भिंत सगळ्यांची. ते पत्र मालकाच्या सहीने जायला हवं.

काकांनी अर्धवट हो म्हटलं तर

एसीला हो आणि फळ्यांना नाही, असं पुष्कळदा होतं. फळ्यांचा आग्रह धरू नका. लोखंडी उभी मांडणी जमिनीवर ठेवता येते. भिंतीला भोकच नको म्हटलं तर खिडकीचा विचार करा. एका कोपऱ्यातली काच काढून तिथे १२ मिलिमीटरचा वॉटरप्रूफ प्लायवूड बसवायचा, त्यातूनच नळ्या न्यायच्या आणि काच कागदात गुंडाळून कपाटावर ठेवायची. जाताना काच परत. अर्थात आतलं युनिट मग खिडकीजवळच बसवावं लागेल आणि पाटीची सहा भोकं तरीही लागतील, ते सांगा.

परत करताना

इथे घोळ होतो तो वेळेचा. लोक सामानाच्या टेम्पोच्या दिवशीच एसी उतरवतात, मेकॅनिक भोकात पुट्टी कोंबतो आणि निघून जातो. पुट्टी दीडेक मिलिमीटरच्या थरासाठी असते. अडीच इंची भोकात ती आक्रसते, कडेने गोल चीर पडते आणि पहिल्या पावसात पाणी आत येतं. म्हणून किल्ली द्यायच्या सुमारे दोन आठवडे आधी एसी उतरवा. पावसाळ्यात आणखी चार दिवस धरा.

उतरवताना वीज चालू लागते. मेकॅनिक एसी सुरू ठेवून गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गोळा करतो, व्हॉल्व्ह बंद करतो आणि मगच नळ्या सोडवतो. तसं न करता नळी कापली तर गॅस जातो, आणि नव्या घरी पूर्ण भरावा लागतो. आजच्या बऱ्याच एसींत आर-३२ असतो. तो सौम्य ज्वलनशील आहे, तेव्हा बंद खोलीत सोडणं धोक्याचंही आहे.

भोक भरण्याआधी ब्रशने धूळ झाडा आणि आतली वीट पाण्याने भिजवा. कोरडी वीट मसाल्यातलं पाणी पिऊन टाकते आणि मसाला पकड न घेता सुटा राहतो. एक भाग सिमेंट, चार भाग वाळू आणि विटेचे तुकडे. पहिल्या दिवशी मधला भाग भरा, तो आक्रसू द्या. दुसऱ्या दिवशी दोन्ही टोकं भरा, पण पृष्ठभागापासून दोन मिलिमीटर आत ठेवा. चार-पाच दिवस दिवसातून तीनदा पाणी शिंपडा, मग तीन दिवस वाळू द्या. त्यानंतर पुट्टीचे दोन हात, घासकाम, प्रायमर आणि रंगाचे दोन हात. ओल असताना रंग दिला तर त्या जागी गोल डाग उमटतो, आणि भोक कुठे होतं ते दुरूनही कळतं.

गिट्ट्या पक्कडने उपटू नका, गिलावा येईल. स्क्रू दोन-तीन आटे गिट्टीत फिरवायचा आणि स्क्रूला धरून सरळ ओढायचं, गिट्टी सोबत येते. नाहीच आली तर स्क्रूने आत ढकलून वरून पुट्टी भरा.

रंग वाळला की काकांना वर बोलवा. पहिल्या दिवसाचे फोटो मोबाइलवर उघडा आणि एकेक भिंत शेजारी धरून दाखवा, बाहेरची बाजू गच्चीवरून दाखवा. मग त्यांनी सही केलेली तीच प्रत काढा आणि तिच्या मागे त्यांच्याकडून दोन ओळी लिहून घ्या: भिंती ठरल्याप्रमाणे परत मिळाल्या, यापोटी डिपॉझिटमधून काही कापायचं नाही. खाली तारीख आणि सही. त्यानंतर किल्ली द्या.